एकच नंबर, दोन चिठ्ठ्या

चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी आपल्या बहुतेक घरांत असते. ती कुठे असते हे मात्र नंबर वाढला की मगच शोधावं लागतं. कुणाकडे रेशनकार्डाच्या पिशवीत, कुणाकडे कपाटातल्या कपड्यांखाली, तर कुणाकडे जुन्या चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलेली. पिंपळनेरची मंडळी डोळे दाखवायला साक्रीला जातात, धुळ्याला जातात, नाशिकला जातात, आणि नातेवाईक सुरतेला असले तर लग्नकार्याच्या निमित्ताने तिथेही तपासून येतात. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन-तीन गावांच्या चिठ्ठ्या जमतात. त्या शेजारी शेजारी ठेवल्या की घरात वाद सुरू होतो, कारण आकडे जुळत नाहीत.

आम्ही शाळेत शिकवतो, म्हणून अशा चिठ्ठ्या आमच्याकडेही येतात. डोळ्यांचे डॉक्टर आम्ही नाही. पण या वादांतले बरेचसे डोळ्याचे नसून गणिताचे असतात, आणि तेही सहावी-सातवीच्या गणिताचे. धन संख्या, ऋण संख्या आणि काटकोन एवढं येत असलं तर पुरे.

चिठ्ठीवर प्रत्येक डोळ्यापुढे तीन आकडे असतात. पहिल्या रकान्यावर SPH लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर CYL आणि तिसऱ्यावर AXIS. पहिला आकडा गोल भिंगाचा, म्हणजे सगळ्या बाजूंना सारखी ताकद असलेल्या काचेचा. मायनस असेल तर लांबचं दिसायला मदत करणारा आणि प्लस असेल तर उलट, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याला लोक ‘सिलिंडर नंबर’ म्हणतात तो दुसरा आकडा. तिसरा त्या सिलिंडरचा अक्ष. तो अंशात असतो, १ ते १८० पर्यंत.

सिलिंडर म्हणजे काय हे समजायला काचेचा सरळ, गोल ग्लास घ्या, पाण्याने भरा आणि त्याच्यामागे अगदी जवळ वर्तमानपत्र धरा. अक्षरं आडवी फुगलेली दिसतील, उंची मात्र जवळपास तीच राहील. कारण ग्लास आडवा गोल आहे, उभा सरळ आहे. ज्या दिशेने तो सरळ आहे तो त्याचा अक्ष, आणि त्या दिशेत भिंगाची ताकद शून्य. त्याला काटकोनात जी दिशा आहे तिथे सगळी ताकद. हा एवढा मुद्दा लक्षात राहिला तर पुढचं सोपं आहे: सिलिंडर अक्षावर काहीच करत नाही, अक्षाच्या आडवं सगळं करतो.

अशी काच लागते कशाला? काही डोळ्यांचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा भाग, सगळीकडे सारखा गोल नसतो. चेंडूसारखा नसून चेंडू बोटांनी किंचित दाबल्यासारखा असतो. मग उभ्या दिशेत एक नंबर लागतो आणि आडव्या दिशेत दुसरा. इंग्लंडमध्ये जॉर्ज एअरी नावाचा तरुण खगोलशास्त्रज्ञ होता. डाव्या डोळ्याने त्याला नीट वाचता येत नव्हतं. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारा प्रकाश त्या डोळ्याला एका अंतरावर एका दिशेची रेघ दिसे आणि दुसऱ्या अंतरावर तिला काटकोनात असलेली दुसरी रेघ. ती दोन अंतरं मोजून त्याने हिशेब मांडला आणि १८२५ मध्ये एका बाजूने गोल व दुसऱ्या बाजूने सिलिंडर अशी काच कारागिराकडून घासून घेतली. सिलिंडरचा नंबर असलेला आजचा प्रत्येक चष्मा त्याच वाटेने आलेला आहे.

म्हणजे अशा डोळ्याला खरे आकडे दोनच असतात: एका दिशेत किती आणि तिच्या काटकोनातल्या दिशेत किती. चिठ्ठीवर मात्र ते तसे लिहीत नाहीत. एक आकडा पूर्ण लिहितात आणि दुसऱ्याच्या जागी फक्त फरक लिहितात. गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण फरक दोन्ही बाजूंनी सांगता येतो.

आपल्याकडची पत्र्याची खोली डोळ्यांपुढे आणा. पाणी मागे पडावं म्हणून दर्शनी भिंत उंच आणि मागची भिंत कमी. समजा दर्शनी ११ फूट आणि मागची ८ फूट. गवंड्याला सांगताना आपण म्हणू, “मागची भिंत ८ फूट घे, दुसरी ३ फूट जास्त.” दुसरा कुणी म्हणेल, “दर्शनी ११ फूट घे, दुसरी ३ फूट कमी.” खोली एकच. पहिल्या वाक्यात ८ आणि अधिक ३ आहे, दुसऱ्यात ११ आणि वजा ३ आहे. आणि तिसरी गोष्ट बघा. वाक्य बदललं तेव्हा भिंतीचं नावही बदललं. कुणी आकडे बदलून घेतले पण भिंतीचं नाव तेच ठेवलं आणि म्हणालं, “मागची ११ फूट, दुसरी ३ फूट कमी,” तर पावसाचं सगळं पाणी दारात पडेल.

चिठ्ठीतला पहिला आकडा ही त्या भिंतीची उंची आहे, सिलिंडर हा फरक आहे आणि अक्ष हे भिंतीचं नाव आहे. फरक अधिक करून लिहिला तर त्याला प्लस सिलिंडर म्हणतात, वजा करून लिहिला तर मायनस सिलिंडर. एकातून दुसऱ्यात जायच्या क्रियेला चष्म्याच्या धंद्यात ‘ट्रान्स्पोझिशन’ म्हणतात. आपण नंबर उलटवणं म्हणू.

आता आमच्याकडे आलेली एक गोष्ट सांगतो. आठवीतल्या एका मुलीचे वडील तीन कागद घेऊन आले. पहिला धुळ्याच्या नेत्रतज्ज्ञांची चिठ्ठी. दुसरा, ज्या दुकानातून चष्मा केला तिथली ऑर्डरची पावती. तिसरा, दोन महिन्यांनी सुरतेला मामांकडे गेली असताना तिथे पुन्हा तपासलं त्याची चिठ्ठी. चष्मा लावल्यापासून मुलीचं डोकं दुखत होतं. वर्गात बसल्यावर ती उजवा डोळा बारीक करायची. घरी अम्मी म्हणायच्या, नवा चष्मा आहे, सवय होईल. दादी म्हणायच्या, मोबाइल काढून घ्या. दोन महिने झाले तरी सवय काही झाली नाही.

उजव्या डोळ्याचे तीन कागदांवरचे आकडे असे होते:

धुळ्याची चिठ्ठी: −१.५० / +१.०० × ९०

दुकानाची पावती: −०.५० / −१.०० × ९०

सुरतेची चिठ्ठी: −०.५० / −१.०० × १८०

वडिलांचं म्हणणं असं होतं: “सर, धुळ्याला दीड नंबर सांगितला, सुरतेला अर्धा. एवढ्यात नंबर कमी होतो का? आणि प्लसचा मायनस कसा झाला? धुळ्याचं आणि दुकानाचं शेवटचं ९० तरी जुळतं. सुरतेचं कशाशीच जुळत नाही. सुरतवाल्यानेच घाईत तपासलं.” भाभींचं मत वेगळं होतं. दुकानाचे आणि सुरतेचे पहिले दोन आकडे जुळतात, म्हणजे ते दोघं बरोबर आणि धुळ्याच्या डॉक्टरांनी जास्त नंबर दिला. घरात दोन पक्ष पडले होते. धुळ्याची फी फुकट गेली का, हा तिसरा मुद्दाही होताच.

आम्ही तिन्ही कागदांचे दिशांप्रमाणे आकडे काढले. कुणालाही काढता येतात. अक्षाच्या दिशेत सिलिंडर काही करत नाही, म्हणून तिथे पहिला आकडा जसाच्या तसा. अक्षाच्या काटकोनात सिलिंडर पूर्ण लागतो, म्हणून तिथे दोन्हींची बेरीज.

धुळ्याचा अक्ष ९०, म्हणजे उभी दिशा. तर उभ्या दिशेत −१.५०. आडव्या दिशेत −१.५० अधिक १.००, म्हणजे −०.५०.

सुरतेचा अक्ष १८०, म्हणजे आडवी दिशा. तर आडव्या दिशेत −०.५०. उभ्या दिशेत −०.५० मध्ये −१.०० मिळवले की −१.५०.

उभी −१.५०, आडवी −०.५०. दोन्हीकडे तेच. धुळ्याचे डॉक्टरही बरोबर होते आणि सुरतेचेही, आणि मुलीचा नंबर ना वाढला होता ना कमी झाला होता. ज्या दोन कागदांत एकही आकडा सारखा नव्हता तेच दोन कागद एकमेकांशी तंतोतंत जुळणारे निघाले.

आता पावती. अक्ष ९०, म्हणून उभ्या दिशेत −०.५०, आणि आडव्या दिशेत −१.५०. सगळं उलटं. दुकानदाराने धुळ्याचा नंबर मायनस सिलिंडरमध्ये उलटवून घेतला, पहिला आकडा बदलला, चिन्ह बदललं, आणि अक्ष तेवढा बदलायचा राहिला. मागची भिंत ११ फूट झाली. मजा म्हणजे डाव्या डोळ्याचा अक्ष त्याने बरोबर बदलला होता. त्याला येत नव्हतं असं नाही. सणासुदीच्या गर्दीत राहून गेलं असेल.

एवढ्याने किती बिघडतं, तेही बघू. मुलीला उभ्या दिशेत −१.५० हवे होते, काचेत −०.५० होते. म्हणजे एक नंबर कमी. आडव्या दिशेत −०.५० हवे होते, काचेत −१.५० होते. म्हणजे एक नंबर जास्त. एकीकडे एक कमी आणि दुसरीकडे एक जास्त, म्हणजे दोन दिशांतला फरक दोनाचा झाला. बिनचष्म्याच्या डोळ्यात तो फरक एकाचाच होता. जो दोष काढायला चष्मा केला तो चष्म्याने दुप्पट केला. चष्मा लावला काय, काढला काय, उजव्या डोळ्याला फळा धूसरच दिसत होता. डावा डोळा मात्र त्याच चष्म्याने स्वच्छ बघत होता. अशा चष्म्याची सवय होत नाही. बापड्या मुलीला दोन महिने मोबाइलवरून बोलणी खावी लागली ती वेगळीच.

अक्ष चुकण्याचं एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. सिलिंडर योग्य ताकदीचा असून अक्ष ३० अंशांनी चुकला, तरी उरणारा दोष मूळ दोषाएवढाच असतो. दिशा तेवढी बदलते. म्हणजे सिलिंडर घालून काही कमावलं नाही. ३० च्या पुढे चुकत गेला की नुकसान वाढत जातं आणि ९० ला ते दुप्पट होतं. नंबर उलटवताना अक्ष विसरला तर चूक नेमकी ९० अंशांची होते, म्हणजे जास्तीत जास्त जेवढी होऊ शकते तेवढी.

नंबर उलटवायची रीत आता सांगून टाकतो, कारण ती वर कळलेलीच आहे. पहिल्या आकड्यात सिलिंडर चिन्हासकट मिळवायचा, तो नवा पहिला आकडा. सिलिंडरचा आकडा तोच ठेवून चिन्ह फिरवायचं. अक्ष ९० किंवा त्याहून कमी असेल तर त्यात ९० मिळवायचे, ९० हून जास्त असेल तर ९० वजा करायचे. त्याच मुलीच्या डाव्या डोळ्याला धुळ्याचा नंबर −२.०० / +१.२५ × ७० होता. −२.०० मध्ये १.२५ मिळवले, −०.७५ आले. चिन्ह फिरवलं, −१.२५. ७० मध्ये ९० मिळवले, १६०. म्हणजे −०.७५ / −१.२५ × १६०. सुरतेच्या चिठ्ठीवर याच डोळ्याला −०.७५ / −१.२५ × १६५ होतं. पाच अंशांचा फरक राहिला, पण तो वेगळ्या जातीचा. दोन माणसांनी दोन दिवशी एकच डोळा तपासला तर पाच अंश किंवा पाव नंबर इकडे-तिकडे होतोच. सिलिंडर लहान असेल तर अक्षात याहूनही जास्त फरक येतो, कारण अर्ध्या नंबराच्या सिलिंडरला अक्ष थोडा हलला तरी डोळ्याला फारसं कळत नाही.

पडताळ्यासाठी एक सोपी युक्ती दुकानांत वापरतात. पहिल्या आकड्यात सिलिंडरचा निम्मा भाग मिळवायचा. दोन्ही लेखनांत उत्तर एकच यायला हवं. आपल्या उदाहरणात −१.५० अधिक ०.५० म्हणजे −१.००, आणि −०.५० मध्ये −०.५० म्हणजेही −१.००. युक्ती चांगली आहे, पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. चुकलेल्या पावतीचं उत्तरसुद्धा −१.०० च येतं. या हिशेबात अक्ष कुठे येतच नाही, म्हणून अक्षाची चूक त्यात सापडत नाही. तो वेगळा बघावा लागतो.

आणखी एक प्रकार लोकांना फार चकवतो. कधी कधी बेरीज शून्य येते. −१.०० / +१.०० × ९० हा नंबर उलटवला की पहिला आकडा शून्य, आणि मग रकान्यात PL किंवा ‘प्लेन’ असं लिहितात, पुढे −१.०० × १८०. हे वाचून घरात आनंद होतो की पोराचा नंबर गेला, आता चष्मा नको. नंबर गेलेला नसतो. तो दुसऱ्या रकान्यात जाऊन बसलेला असतो.

मग दोन पद्धती ठेवल्याच कशाला, एक का नाही? हा प्रश्न वडिलांनीही विचारला. त्याचं कारण कामात आहे. काच घासणारे कारखाने सिलिंडर बहुधा काचेच्या आतल्या, डोळ्याकडच्या बाजूला घासतात. ती बाजू खोलगट असते, तिथे मायनस सिलिंडरच सरळ बसतो. म्हणून दुकानाची ऑर्डर बहुतेक मायनसमध्ये जाते. सिलिंडर दोष असलेल्यांच्या कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबरही मायनसमध्येच असतो. डोळे तपासणाऱ्या बऱ्याच तंत्रज्ञांनाही मायनस सोयीचा पडतो. आधी प्लसचं भिंग घालून डोळा सैल ठेवायचा आणि मग मायनस सिलिंडर थोडा थोडा वाढवायचा, म्हणजे तपासताना डोळा स्वतः ताण देऊन आकडा बिघडवत नाही.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपैकी अनेकांची सवय प्लसची, आणि त्यामागेही कारण आहे. प्लस सिलिंडरचा अक्ष डोळ्याचा पडदा ज्या दिशेत जास्त वळलेला आहे तीच दिशा दाखवतो. पूर्वी मोतिबिंदूची शस्त्रक्रिया टाके घालून व्हायची. टाका घट्ट बसला की पडदा त्या दिशेत जास्त वळायचा आणि नंबरात मोठा सिलिंडर यायचा. प्लसमध्ये लिहिलेल्या नंबराचा अक्ष त्या घट्ट टाक्याकडे बोट दाखवायचा, आणि डॉक्टर तो टाका कापून सिलिंडर कमी करायचे. मायनसमध्ये लिहिलं तर दरवेळी मनात ९० अंश फिरवायला लागतील. ज्याला ज्या कामासाठी जे लेखन जवळचं, ते त्याने धरलं.

संगणकावर नंबर काढणारी यंत्रं आणि तयार चष्म्याचा नंबर वाचणारी यंत्रं, दोन्हींत प्लस की मायनस ही सेटिंग असते. त्यामुळे एकच चष्मा दोन दुकानांत यंत्राखाली ठेवला तर दोन वेगळ्या दिसणाऱ्या पट्ट्या छापून येऊ शकतात. काच तीच असते.

चष्मा हातात आला की घरच्या घरी एक ढोबळ तपासणी करता येते. चष्मा हात लांब करून धरा, एका काचेतून लांबच्या दरवाजाची चौकट बघा आणि चष्मा हळूहळू वर-खाली हलवा. मायनस काचेत चौकट चष्म्याबरोबर त्याच दिशेला सरकते, प्लस काचेत उलट दिशेला. आता चष्मा डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. ज्या दिशेत नंबर जास्त, त्या दिशेत चौकट जास्त सरकते. आमच्या गोष्टीतल्या मुलीच्या उजव्या काचेत वर-खाली हलवल्यावर जास्त सरकायला हवं होतं. प्रत्यक्षात आडवं हलवल्यावर जास्त सरकत होतं. वडिलांनी स्वतः हलवून बघितलं आणि मग त्यांना आमच्या आकडेमोडीवर विश्वास बसला. अक्ष तिरका, म्हणजे ४५ किंवा १३५ च्या आसपास असेल तर ही युक्ती अशी सरळ चालत नाही, आणि पाव-अर्ध्या नंबरात डोळ्याला फरक दिसतही नाही. मोठी चूक तेवढी पकडली जाते. दुकानदाराने काच बदलून दिली, भांडण काही झालं नाही.

नंबर उलटवल्यावर दोन चिठ्ठ्या जुळल्या म्हणजे नंबर बरोबर आहे असं मात्र समजू नये. दोन्ही ठिकाणी तपासणीच एकसारखी चुकली असेल तर चूकही जुळेल. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष. औषधाचे थेंब न घालता यंत्रासमोर बसवलं की मूल जवळचं बघितल्यासारखा ताण देतं आणि मायनस जास्त निघतो. थेंब घालून काढलेला नंबर आणि न घालता काढलेला नंबर वेगळे येतात, तो फरक कितीही उलटवलं तरी जात नाही. उलटवल्यानंतरही अर्ध्या नंबराहून जास्त फरक राहत असेल तर दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांनाच विचारावं.

मोठ्या माणसांच्या चिठ्ठीत एक चौथा आकडा असतो, ADD. वाचायच्या नंबराचा. तो उलटवण्यात बदलत नाही, आणि चूक बरेचदा तिथेच होते. मोतिबिंदूच्या शिबिरांत हल्ली बहुतेक बिनटाक्याची, लहान छेदाची शस्त्रक्रिया होते. छेद वरच्या बाजूला घेतला तर तिथला पडदा किंचित सपाट होतो, मग उभ्या दिशेपेक्षा आडवी दिशा जास्त वळलेली राहते, आणि जखम भरल्यावर काढलेल्या नंबरात थोडा सिलिंडर उरतो. समजा एखाद्या दादीचा नंबर आला +०.५० / −१.५० × ९०, ADD +२.५०. दुसरीकडे तोच लिहिला −१.०० / +१.५० × १८०, ADD +२.५०. एकात पहिला आकडा प्लस आणि दुसऱ्यात मायनस बघून मुलं गोंधळतात: दादीला लांबचा नंबर आहे की जवळचा? उत्तर असं की उभ्या दिशेत +०.५० आहे आणि आडव्या दिशेत −१.००, दोन्ही आहे.

आता दादीला फक्त कुरआन शरीफ वाचायला वेगळा चष्मा करायचा असेल तर ADD पहिल्या आकड्यात मिळवायचा, सिलिंडर आणि अक्ष तसेच ठेवायचे. पहिल्या चिठ्ठीवरून +३.०० / −१.५० × ९०. दुसऱ्या चिठ्ठीवरून +१.५० / +१.५० × १८०. एकात तीन, एकात दीड, आणि दोन्ही चष्मे एकच. पण बाजारात टोपलीतला तयार चष्मा घ्यायला गेलात आणि चिठ्ठीतला पहिला आकडाच धरलात, तर एका चिठ्ठीने तीनाचा उचलाल आणि दुसरीने दीडाचा. तयार चष्म्यात सिलिंडर नसतोच. त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे निम्मा सिलिंडर मिळवून येणारा आकडा, इथे दोन्हीकडून सव्वादोन. त्यानेही दीडाचा सिलिंडर तसाच उरणार आणि बारीक एराब पुसटच दिसणार. एवढ्या सिलिंडरला काच घासून घेतलेलीच बरी, आणि ऑर्डर देताना पावतीवरचा अक्ष चिठ्ठीशेजारी धरून बघावा: सिलिंडरचं चिन्ह तेच असेल तर अक्षही तोच हवा, चिन्ह फिरलं असेल तर अक्षात ९० चा फरक हवा.